संध्याकाळच्या कवितेतील सूर आणि भाववातावरण

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझे टिपण वाचले. एका संध्याकाळच्या कवितेविषयी तू लिहिले आहेस, की ‘कवितेचा सूर उदास आहे’, आणि पुरावा म्हणून मावळते ऊन, रिकामी वाट आणि गडद होणारे आकाश दाखवले आहेस. तुझे निरीक्षण बरोबर आहे, पण तो पुरावा सुराचा नाही. मावळते ऊन हे भाववातावरण घडवते. सूर मात्र त्या उन्हाकडे पाहून बोलणाऱ्याच्या वाणीत असतो. वर्गात ज्यांना मूड आणि टोन म्हणतात, त्या या दोन गोष्टी बहुतेक कवितांत एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि शांत भावकवितेत तर इतक्या, की त्या वेगळ्या करायच्या तर एकेका शब्दापाशी थांबावे लागते. तसे थांबता यावे म्हणून या पत्रापुरत्या आठ ओळी रचल्या आहेत. छंद साधा अष्टाक्षरीचा आहे.

ऊन उतरून गेले,
वाट धूसर जराशी;
दूर एकटे पाखरू
परतले झाडापाशी.

आता दिवा लावू नको,
थोडा अंधार येऊ दे;
दिवसाने दिले जे जे
ओंजळीत ते राहू दे.

पहिले कडवे आधी मोठ्याने वाच. उतरणे, धूसर, दूर, एकटे: सगळे शब्द उजेड आणि गजबज कमी करत नेणारे आहेत. अष्टाक्षरीत साधारणपणे चार अक्षरांनंतर हलका विसावा येतो. येथे पहिल्या तीन ओळींत तो शब्दाच्या पोटात पडतो (‘उत–रून’, ‘धूस–र’, ‘एक–टे’), म्हणून आवाज नीट टेकत नाही, किंचित तरंगत राहतो. चौथ्या ओळीत ‘परतले’ हा शब्द बरोबर चार अक्षरांवर पूर्ण होतो आणि पाखराबरोबर ओळही विसावते. या साऱ्यातून वाचणाऱ्याच्या मनात जी निवांत, किंचित एकाकी हुरहूर पसरते, ते या कवितेचे भाववातावरण. ते कोणी बोलून दाखवलेले नाही. चित्रे, नाद आणि गती यांनी मिळून ते साकारले आहे.

आता सूर पाहू. पहिल्या कडव्यात बोलणारा जवळजवळ अदृश्य आहे, तरी दोन ठिकाणी त्याची चाहूल लागते. वाट ‘धूसर’ झाली असे सांगून तो थांबत नाही, ‘जराशी’ म्हणतो. म्हणजे जे दिसते ते वाढवून सांगण्याची त्याला इच्छा नाही. आणि पाखरू एकटे असले तरी ते हरवले किंवा मागे राहिले असे तो म्हणत नाही, ‘परतले’ म्हणतो. दुसऱ्या कडव्यात तो उघड समोर येतो, कारण तेथे कोणाशी तरी बोलणे सुरू होते. ‘लावू नको’ या एकेरी आज्ञार्थावरून कळते, की ऐकणारे माणूस जवळचे आहे आणि त्याचा हात बहुधा दिव्याकडे गेलेला आहे. ‘येऊ दे’ हे तर फारच बोलके आहे, कारण येथे अंधार चाल करून येत नाही, त्याला येण्याची मोकळीक दिली जाते. ज्याला अंधाराची धास्ती आहे तो असे बोलणार नाही. ‘दिले जे जे’मध्ये दिवसाविषयी तक्रार नाही, स्वीकार आहे. तेव्हा या कवितेचे भाववातावरण हुरहुरीचे असले, तरी तिचा सूर तृप्त आणि आर्जवी आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि माझ्या मते या ओळींत जे काही थोडे काव्य आहे ते या दोहोंमधल्या अंतरातच आहे.

याची खातरजमा करायची असेल तर शब्द बदलून पाहावेत. ‘नको’च्या जागी ‘नये’ ठेव: ‘आता दिवा लावू नये’. अक्षरसंख्या तीच, मात्राही तितक्याच, संध्याकाळही तीच, पण समोरचे माणूस नाहीसे झाले आणि विनवणीचा उपदेश झाला. आता मोठा बदल करू.

आता दिवा कशासाठी,
आला अंधार येऊ दे;
दिवसाने नेले जे जे
विसरून ते जाऊ दे.

‘येऊ दे’ हे शब्द तेच आहेत, पण मघाशी त्यांत स्वागत होते, आता हार मानणे आहे. पहिले कडवे अक्षरशः जसेच्या तसे ठेवूनही सूर तृप्तीकडून निराशेकडे गेला. उलट प्रयोगही करता येतो. मूळ दुसरे कडवे तसेच राखून आधी ‘वाट सोनेरी जराशी’ आणि ‘किती पाखरांचे थवे’ अशा ओळी घातल्या, तर हुरहूर जाऊन भरलेपण येते, आणि बोलणारा मात्र पूर्वीइतकाच समाधानी, पूर्वीइतकाच आर्जवी राहतो.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. निराश कडवे वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या कडव्याकडे गेलास, तर ‘एकटे पाखरू’ आता टाकून दिल्यासारखे वाटू लागते. म्हणजे सूर बदलला की भाववातावरणही थोडे काळवंडते, कारण ते घडवणाऱ्या घटकांमध्ये सूर हाही एक घटक असतो. म्हणून या दोघांमध्ये पक्की भिंत उभी करू नकोस; कोणत्या विधानाला कोणता पुरावा द्यायचा, एवढे मात्र काटेकोरपणे पाळ. सुराविषयी लिहिताना क्रियापदाचे रूप, संबोधन, ‘च’, ‘तरी’, ‘जरा’ यांसारखे लहान शब्द आणि बोलणाऱ्याने केलेली विशेषणांची निवड दाखवावी. भाववातावरणाविषयी लिहिताना प्रतिमांचा क्रम, नाद, गती आणि ओळींची लांबी दाखवावी. ‘एकटे’सारखा शब्द दोन्हीकडे लागू होतो, अशा वेळी तो चित्राचा भाग म्हणून घेतला आहे की बोलणाऱ्याचा अभिप्राय म्हणून, हे वाक्यातच स्पष्ट करावे.

तुझ्या टिपणात ‘कवी दुःखी आहे’ असेही एक वाक्य आहे, ते काढून टाक. सूर हा कवितेत बोलणाऱ्याचा असतो, आणि तो बोलणारा म्हणजे कवी स्वतःच, असे गृहीत धरण्याला कवितेत काही आधार नाही. तसेच ‘सूर शांत आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. संध्याकाळच्या जवळजवळ प्रत्येक कवितेविषयी असे म्हणता येते, त्यामुळे त्यातून काहीच हाती लागत नाही. शांत म्हणजे थकलेला, समाधानी, सावध, की रागाला आवर घातलेला, हे क्रियापदांवरून ठरव.

आता तू ज्या कवितेवर टिपण लिहिलेस तिच्याकडे परत जा आणि आधी फक्त क्रियापदे वेगळी लिहून काढ. तिसऱ्या कडव्यात कवितेतला बोलणारा प्रथमच कोणाला तरी उद्देशून बोलतो, त्या ओळीवर तुझ्या टिपणात एक शब्दही नाही. नवे टिपण तेथूनच सुरू कर आणि मला पाठव.

सस्नेह आशीर्वाद.