आधी तास मोजा, मग यादी उघडा

यादी बघून दिवस आखायला बसलात की सगळंच कोंबलं जातं. आधी हातात किती वेळ आहे ते काढा. समजा ९ ते ६, म्हणजे ९ तास. जेवण १, मीटिंग २, उरले ६. त्यातले साडेचारच भरा. दीड तास मोकळा ठेवा, तो फोन आणि अचानक आलेली कामं खातातच!

मग यादीतल्या प्रत्येक कामापुढे अंदाजे वेळ लिहा. ‘अहवाल’ असं मोघम नको. ‘अहवालाचा पहिला मसुदा, दीड तास’ असं लिहा. सगळ्यात डोकं लागणारं काम सकाळीच, सलग. बारीकसारीक कामं दुपारी एकाच तुकड्यात उरका.

साडेदहाला संपायचं काम अकरापर्यंत लांबलं तर पुढचं सगळं सरकवत बसू नका. आधी मोकळा वेळ वापरा, तोही संपला तर शेवटचं काम सरळ उद्यावर टाका.