‘जमा’ झाले, पण गोळा कुठून झाले?

“‘पतनिर्मिती’ हा शब्द बरोबर आहे का? पत माणसाची असते. आणि बँक तर आपल्याच ठेवी दुसऱ्याला कर्जाऊ देते, मग त्यात निर्मिती कसली?” – ऐरोलीचे एक वाचक

बँक कर्ज देताना नवा पैसा तयार करते, त्यालाच पतनिर्मिती म्हणतात. शब्द ठीक आहे, समजूत चुकली आहे. ती एकट्या तुमची नाही. कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या कंपूत चार निवृत्त बँकवाले आहेत. त्यातले तिघं अजून छातीठोकपणे सांगतात, “एकाचं घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं, मधलं व्याज खायचं.” मीही एकतीस वर्षं बँकेत खतावण्या केल्या. हे वाक्य ऐकलं की माझा चहा गार होतो.

‘पत’ म्हणजे अब्रू, इभ्रत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या मते तिचं मूळ ‘प्रत्यया’च्या कुळात आहे. प्राकृतात ‘पत्तिअइ’ म्हणजे विश्वास ठेवतो, हिंदीत अजूनही ‘पतियाना’ आहे. आमच्यातले एक जाणकार ‘पत’ला ‘पत्रा’तून, म्हणजे हुंडीच्या कागदातून ओढून काढतात. मग देवानं भक्ताची पत राखली तेव्हा कुठला कागद राखला, एवढंच त्यांनी सांगावं. तीन वर्षं झाली, उत्तर नाही.

खरा गुन्हेगार ‘पत’ नाही, ‘जमा’ आहे. अरबीत या धातूचा अर्थ गोळा करणं, एकत्र आणणं. ‘जमात’ म्हणजे गोळा झालेली माणसं, ‘जुम्मा’ म्हणजे नमाजासाठी गोळा होण्याचा दिवस, आणि आपला ‘मुजुमदार’, ज्याला शिवकाळात पुढे ‘अमात्य’ म्हणू लागले, तोही याच घरातला. त्यामुळे ‘खात्यात साठ लाख जमा झाले’ असं कानावर पडताच आपल्या डोळ्यांसमोर येतं, की आधी कुठेतरी होते, गोळा झाले आणि इथे आले. शब्दच चुकीचा सिद्धांत पोटात घेऊन फिरतो आहे!

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं घोडबंदर रोडला, कासारवडवलीत, जुना दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. किंमत ८० लाख. २० लाख त्याचे साठवलेले, ६० लाख बँकेचं कर्ज. विकणाऱ्या बाईंचं खातं योगायोगानं त्याच बँकेत होतं. साक्षीदार म्हणून मी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. अंगठे उमटले, फोटो निघाले, बँकेच्या माणसानं पाकिटातून ६० लाखांची पे ऑर्डर काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती दोनदा वाचली, घडी न घालता पर्समध्ये उभी ठेवली आणि तडक शाखेत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या खात्यात साठ लाख दिसत होते.

आता खतावणीत काय झालं ते बघा. भाच्याच्या कर्जखात्याला ६० लाख ‘नावे’ पडले, म्हणजे तो बँकेचं देणं लागला. आणि बाईंच्या खात्याला ६० लाख ‘जमा’ पडले, म्हणजे बँक बाईंचं देणं लागली. मधलं पे ऑर्डरचं खातं भरलं आणि रिकामं झालं, ते सोडून द्या. दोन नोंदी, खेळ खलास. त्या दिवशी कुठल्याही ठेवीदाराच्या पासबुकातून एक रुपया कमी झाला नाही. तुमच्या एफडीतून कोणाला कर्ज दिलं, सबब शिल्लक घटली, असा निरोप तुम्हाला कधी आला आहे का? नाही ना? भाच्याचे २० लाख मात्र त्याच्या खात्यातून कमी होऊन बाईंच्या खात्यात गेले, ते जुनेच पैसे फिरले. साठ लाख त्या दिवशी जन्माला आले. बाईंची शिल्लक ८० लाखांनी वाढली, भाच्याची २० लाखांनी घटली. वजाबाकी करा, साठ उरतात. नोटा छापल्या म्हणून महागाई झाली असं ओरडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, की आपल्या देशात रिझर्व्ह बँक जो पैशाचा साठा मोजते त्यात लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी साधारण सातवा-आठवा हिस्सा असतात. बाकी जवळजवळ सगळा पैसा बँकांच्या वह्यांतला.

पासबुकात त्या रकमेपुढे ‘Cr’ असतं. आणि इथे मला थांबायलाच हवं, कारण यासाठीच तर मी हे लिहायला बसलो. क्रेडिट हा शब्द लॅटिन ‘क्रेडो’तून आला, अर्थ ‘माझा विश्वास आहे’. आणि हे ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ सख्ख्या बहिणी आहेत! ‘श्रत्’ अधिक ‘धा’, म्हणजे ठेवणं, घालणं. लॅटिनमध्येही त्याच दोन तुकड्यांची जोड आहे, फक्त आपला ‘श’ तिकडे ‘क’ होतो, जसा ‘शतम्’चा ‘केंटुम’ होतो. म्हणजे वाणिज्य शाखेची पोरं दिवसभर ‘क्रेडिट, क्रेडिट’ करतात तेव्हा ती ‘श्रद्धा, श्रद्धा’च म्हणत असतात. बाईंच्या ‘Cr’मध्ये कुठेही काही गोळा झालेलं नाही. मागाल तेव्हा देऊ असा बँकेचा शब्द आहे, आणि त्यावर बाईंची, किराणावाल्याची, सरकारी कराच्या खिडकीचीही श्रद्धा आहे. म्हणून तो शब्दच पैसा म्हणून चालतो. ‘जमा’ खोटं बोलतो, ‘Cr’ खरं बोलतं.

मग बँकेनं वाटेल तितका पैसा का काढू नये? बाईंचं खातं दुसऱ्या बँकेत असतं तर कळलं असतं. अशा वेळी भाच्याच्या बँकेला ६० लाख त्या दुसऱ्या बँकेला चुकते करावे लागतात, आणि ते स्वतःच्या वहीतल्या शब्दांनी नाही, तर रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून. ते खातं आटलं की नव्या ठेवी ओढा नाहीतर उसने घ्या, दोन्हीला व्याज पडतं. म्हणून बँका ठेवींसाठी दारोदार फिरतात. शिवाय ठेवींच्या काही टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत पडून ठेवावी लागते, २०२५च्या अखेरीस हे प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर आलं. आणि सगळ्यात घट्ट दोरी भांडवलाची. भाच्याच्या कर्जासारख्या, किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या गृहकर्जावर जोखमीचा भार ३५ टक्के धरतात, म्हणजे कर्जाचा एवढाच हिस्सा धोक्याचा मानतात. ६० लाखांवर तो २१ लाख. त्यावर साडेअकरा टक्के भांडवल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार. बँकेचं एवढं भांडवल मागे उभं असलं की साठ लाख जन्माला येऊ शकतात. हीच बँक तारणाशिवाय कर्ज देते तेव्हा तिला याहून कितीतरी जास्त भांडवल अडकवावं लागतं, म्हणून घरांच्या कर्जाकडे तिचा ओढा जास्त.

आपल्या पाठ्यपुस्तकांत अजून उलटी गोष्ट छापतात. आधी शंभराची ठेव येते, राखीव भाग बाजूला पडतो, उरलेलं कर्ज जातं, ते परत ठेव बनून येतं, आणि अशा फेऱ्या करत शंभराचे कित्येक पट होतात, त्या पटीला म्हणे गुणक. ऐकायला छान, पण खतावणीत असं घडत नाही. कर्ज आधी, ठेव नंतर. हे मी म्हणतो म्हणून नाही. २०१४मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं आपल्या त्रैमासिकात स्वच्छ लिहिलं, की बँका ठेवी पुढे सरकवणाऱ्या मध्यस्थ आहेत ही समजूत चूक आहे. कंपूतल्या तिघांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिकडचं इकडे चालत नाही. जणू जमा-नावेचे नियम टेम्सच्या काठी वेगळे आहेत!

जन्मलेला पैसा मरतोही. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांच्या कर्जाचा भाच्याचा हप्ता ५२ हजारांच्या आसपास. पहिल्या महिन्यात त्यातले ४२ हजार ५०० व्याजाचे. ते बँकेचं उत्पन्न, पुढे पगारातून आणि ठेवींच्या व्याजातून लोकांच्या खात्यांत परत येतं. मुद्दलाचे साडेनऊ हजार मात्र दोन्ही बाजूंनी पुसले जातात. भाच्याची शिल्लक तेवढी घटली, कर्ज तेवढं घटलं, आणि त्या पैशाची मालकी कोणाकडेच गेली नाही. नवी कर्जं या फेडीपेक्षा जास्त वेगानं निघाली तर एकूण पैसा वाढतो.

महागाईचं काय, तर तो नवा पैसा कशासाठी निघाला त्यावर ते ठरतं. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्यानं यंत्रासाठी ६० लाख घेतले, तर काही महिन्यांत बाजारात जास्तीचा मालही येतो. यंत्राची मागणी वाढली, पण पुरवठाही. भाच्याच्या कर्जानं कासारवडवलीत एक वीट वाढली नाही. फ्लॅट होता तोच, फक्त त्याच्यावर बोली लावायला साठ लाख नवे आले. त्या बाईंनी आपल्या ८० लाखांतला मोठा भाग उलव्याला मुलाच्या घरासाठी लावला, म्हणजे तिथेही बोली चढली. आता पुढची पायरी बघा. बँकेचा मूल्यांकन करणारा इमारतीतले अलीकडचे व्यवहार बघतो. शेजारचा तसाच फ्लॅट ८८ लाखांना गेला की त्याच ७५ टक्क्यांनी कर्ज बसतं ६६ लाख. जागा तेवढीच, सहा लाख जास्त जन्माला आले, आणि तेच पुढच्या किमतीला टेकू देतात.

हे चक्र अखंड चालत नाही. पगारात हप्ता बसेनासा झाला की थांबतं. २०२२च्या मे ते २०२३च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तो हाच ब्रेक. ठेवी कमी पडल्या म्हणून नव्हे, कर्ज मागणाऱ्याला परवडेना म्हणून निर्मिती मंदावते. आणि विकणाऱ्या बाईंवरच जुनं कर्ज असतं, तर साठातले बरेचसे आल्या पावली मेले असते. दुसरीकडे, ग्राहक किंमत निर्देशांकात घराचं भाडं मोजतात, घराची किंमत नाही. त्यामुळे सरकारी महागाई चार-पाच टक्क्यांवर निवांत बसलेली असताना तुमच्या ऐरोलीत घर हाताबाहेर जाऊ शकतं, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

हां, तुमचा प्रश्न राहिला. ‘पतनिर्मिती’ लिहा, खुशाल लिहा. फक्त ‘पतसंस्था’ बघून फसू नका. ती कर्जाचा चेक देते तो कुठल्यातरी बँकेतल्या तिच्याच खात्यावरचा असतो, तिथली शिल्लक खरोखर कमी होते. घरकर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचंही तेच. ‘एकाचं घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं’ हे तिघांचं वाक्य त्यांना बरोबर लागू पडतं, आणि उद्या तलावावर मी हे त्यांना सांगणार नाही.