मारामारी केलीस, पण उरलं काय?

प्रिय मुली,

रविवारी रात्री तू व्हॉट्सॲपवर तुझ्या बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "काका, तुम्ही म्हणता जागा कमी असली की मारामारी करायची, मी तीन जोड्या मारल्या तरी श्वासच येत नव्हता." त्यावर मी लगेच काही लिहिलं नाही. चिडलो होतो म्हणून नव्हे, म्हणजे थोडा चिडलोही होतो, पण खरं कारण असं की हाच प्रश्न मी तुझ्या वयाचा असताना विचारला होता आणि कोणी नीट उत्तर दिलं नव्हतं.

"जागा कमी तर मारामारी कर", म्हणजे मोहऱ्याला मोहरा मारून जोड्या पटावरून काढून टाक, हे वाक्य अर्धं आहे. मलाही ते अर्धंच मिळालं, आणि मीही तुला अर्धंच दिलं, त्याबद्दल माझा कान धर. पुढचं अर्धं असं: काय गेलं ते मोजू नकोस, काय उरलं ते बघ.

आमचा वाडा रविवार कारंज्याच्या मागे होता, दोन खोल्या, सात माणसं आणि एकच मोरी. धाकटे काका-काकू सिडकोत राहायला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ऐसपैस होणार. काहीच झालं नाही, कारण दाराच्या आत आजोबांचं लाकडी कपाट आडवं होतं, रोजची धडपड त्या कपाटाशी होती. दोन माणसं कमी झाली, कपाट तिथेच. पटावर तुझं कपाट म्हणजे c8 चा उंट.

आता तुझा डाव काढू. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, तू काळी, आणि बाराव्या चालीपर्यंत तू अगदी पुस्तकातल्यासारखी खेळलीस, हे मान्य.

```
1.d4 d5 2.c4 e6 3.Nc3 Nf6 4.Bg5 Be7 5.e3 O-O
6.Nf3 Nbd7 7.Rc1 c6 8.Bd3 dxc4 9.Bxc4 Nd5
10.Bxe7 Qxe7 11.O-O Nxc3 12.Rxc3
```

आठव्या चालीआधी काळ्याची अवस्था बघ. d7 चा घोडा c8 च्या उंटाच्या वाटेत, त्याच्या पुढे e6 चं प्यादं, आणि सगळे मोहरे शेवटच्या तीन रांगांत एकमेकांचे पाय तुडवत बसलेत. पांढऱ्याला घाई नाही, त्याच्याकडे c4 आणि d4 आहेत. इथे dxc4 कधी मारायचं यातच अर्धी कला आहे. पांढऱ्याचा उंट f1 वर असताना मारलंस तर तो एका झेपेत c4 वर येतो. तो d3 वर गेल्यावर मारलंस तर त्याला त्याच प्रवासाला दोन चाली लागतात, तुझी एक चाल फुकटात वाचली. तू थांबलीस, छान. (7.Rc1 हे पांढऱ्याचंही थांबणंच आहे, दोघंही 'आधी तू' करत बसतात.)

मग Nd5. या एका चालीने दोन जोड्यांची मारामारी समोर येते. घोडा f6 वरून हलला की g5 आणि e7 चे उंट समोरासमोर येतात, आणि d5 वरून घोडा c3 कडे बघतो. c4 चं प्यादं गेलेलं असल्यामुळे त्याला प्याद्याने हाकलता येत नाही, पांढऱ्याने e4 खेळलं तरी आधी c3 वर मारता येतं. आणि Qxe7 नंतर वजीर e5 च्या मागे येऊन उभा राहतो. हे सगळं योगायोगाने नाही. उंट आणि घोडा गेले म्हणून जागा झाली असं नाही, ते गेल्यावर वजीर आणि d7 चा घोडा दोघंही e5 वर रोखलेले उरले, म्हणून जागा होणार होती. उरलं काय ते बघ!

या रीतीला कापाब्लांकाचं नाव आहे. १९२७ ला ब्युनोस आयर्समध्ये त्याची अलेखाइनशी जगज्जेतेपदाची लढत झाली, ३४ डाव, त्यातले ३२ या क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डचेच. अलेखाइन काय करायचा माहितीये? अकराव्या चालीला कॅसल न करता 11.Ne4. घोडा मारूच देत नाही, उचलून बाजूला नेतो. ज्याच्याकडे जागा आहे त्याला मारामारी नको असते, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? त्यावरही काळ्याकडे उत्तर आहे, 11...N5f6 12.Ng3 Qb4+ आणि वजीर काढून टाकायचे, जागेची तंगी थोडी राहते पण राजावर हल्ला होण्याची भीती जाते. तुझ्यासमोरच्या मुलाने मात्र निमूट कॅसल केलं आणि तुला दोन्ही जोड्या मारू दिल्या. म्हणजे बक्षीसच होतं ते.

आणि बाराव्या चालीला तू Nf6 खेळलीस.

का गं? मी स्कोअरशीटवर बोट ठेवून पाच मिनिटं बसलो होतो. तुला वाटलं असणार दोन जोड्या गेल्या, काम झालं, आता घोडा चांगल्या जागी ठेवू. इथे फक्त e5 खेळायचं होतं! d7 वर घोडा, e7 वर वजीर, दोघंही त्याच एका घरावर नेम धरून उभे होते आणि तू त्यातला एक उचलून नेलास. त्याने लगेच 13.Ne5 टाकला. तू 13...Nd7 करून परत आलीस, त्याने 14.f4 केलं, आणि तू 14...Nxe5 मारलंस, 15.fxe5. ही तुझी तिसरी जोडी, याच जोडीने तुझा गळा आवळला.

आता जी गंमत मला रात्री झोपू देईना ती सांगतो. बरोबरची वाट अशी आहे:

```
12...e5 13.dxe5 Nxe5 14.Nxe5 Qxe5
```

यात किती मोहरे उरले ते मोज. दोघांकडे एक वजीर, दोन हत्ती, एक उंट. तुझ्या डावात 15.fxe5 नंतर मोज. एक वजीर, दोन हत्ती, एक उंट. तेच! अगदी तेच मोहरे गेले, तेवढ्याच जोड्या. म्हणून "मी तीन जोड्या मारल्या" हे तू सांगूच नकोस मला, तीन जोड्या दोन्हीकडे आहेत. फरक फक्त उरलेल्या प्याद्यांत. एकीकडे e6 चं तुझं प्यादं निघून गेलंय, d7 रिकामं आहे, c8 च्या उंटाला h3 पर्यंत सरळ रस्ता. दुसरीकडे e6 तिथेच, त्याच्यासमोर पांढऱ्याचं e5 खिळ्यासारखं ठोकलेलं, वर त्याच्या f1 च्या हत्तीला f ची उभी रांग मोकळी. e5 ची चाल तुझ्या हातून कायमची गेली. काका-काकू सिडकोत गेले, कपाट दारातच.

बरोबरच्या वाटेवर पांढरा 15.f4 करून परत जागा बळकावायला बघतो, घाबरायचं नाही, 15...Qe4 16.Qe2 Bf5. पंधरा चाली कोंडलेला उंट सोळाव्या चालीला f5 वर. ही जागा पटावर मांडून बघ, अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी.

सगळंच संपलं होतं असंही नाही बरं का. तुझ्या डावात 15.fxe5 नंतरसुद्धा c5 होतं, मग b6 आणि Bb7, मागच्या दाराने का होईना उंट बाहेर पडला असता. पण तू Bd7, Be8 करत त्याला घरातल्या घरात फिरवत बसलीस. म्हणून आता मारायच्या आधी बोट खाली ठेवून दोनच गोष्टी बघत जा. तो परत मारेल ते प्याद्याने की मोहऱ्याने, आणि प्याद्याने मारलं तर ते प्यादं कुठे येऊन बसेल? ते तुझ्या सुटकेच्या घरावर बसत असेल तर ती मारामारी करायची नाही, मग जागा कितीही कमी असो.

हे मला कसं कळलं ते ऐक. बारावीला असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत मी फ्रेंच डिफेन्स खेळलो होतो, समोर e5 चं प्यादं, जागा नाही, आणि कानात तेच अर्धं वाक्य. त्याने dxc5 केलं, मी उंटाने परत मारलं, आणि त्याने Be3 करताच मी हौसेने तो उंट मारून टाकला. काळ्या घरांचा उंट, माझा एकमेव शहाणा मोहरा! मग एक घोडा, मग हत्ती, मग वजीर, सगळं मारत गेलो, मनात खूश, किती मोकळं होतंय. शेवटी उरलं काय? माझा पांढऱ्या घरांचा उंट, e6 आणि d5 च्या स्वतःच्याच प्याद्यांच्या पाठी, आणि त्याचा घोडा d4 वर. त्याला तिथून हलवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अर्धा तास मी उंट d7-e8-d7 करत होतो आणि तो राजा घेऊन चालत आला. फ्रेंचमध्ये आधी तोच उंट द्यायचा असतो, b6 करून Ba6, किंवा d7 वरून b5, शहाणा उंट घरी ठेवायचा. मी नेमकं उलटं केलं.

ज्यांनी मला शिकवलं त्यांना घरी जाऊन दाखवलं तर म्हणाले, "सांगितलं तसं केलंस, मग काय झालं?" मी बोललो नाही. नंतर बँकेत लागलो, स्पर्धा सुटल्या, लोक म्हणतात सोडायला नको होतं, पण तेव्हा घर कोण चालवणार होतं, आणि खरं सांगू, तो डाव हरल्यावर मला परत त्या हॉलमध्ये जायची इच्छाच नव्हती. आता विदित गुजराथी आपल्या नाशकाचा म्हणून लोक पोरांना पट घेऊन देतात आणि माझ्याकडे पाठवतात, तर मी हे एकच वाक्य पकडून बसतो. तुझे बाबा म्हणतात काका फार ताणतात. ताणतो. तिसऱ्यांदा लिहितोय, काय उरलं ते बघ.

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ये. येताना 12.Rxc3 ची जागा मांडून दोन्ही बाजूंनी खेळून ये, वहीत लिहून, मोबाईलवर नाही. पांढऱ्याने dxe5 नाही केलं, 13.Qc2 केलं तर काय, तेही बघून ये, ते मी मुद्दाम सांगत नाही. आणि तुझा हात d7 च्या घोड्याकडे गेला तर आधी e5 च्या घराकडे बघ.

तुझा काका