व्हेंडरच्या बॅलन्स कन्फर्मेशनमध्ये आपला आकडा लिहावा का?

प्रश्न: मी कुंडईला एका पॅकिंग कंपनीत अकाउंट्स बघते. ऑडिटरने ३१ मार्चची बॅलन्स कन्फर्मेशन मागितली आहेत. पत्रात आमच्या पुस्तकातला आकडा लिहायचा की जागा रिकामी सोडायची? फरक पाच-सहा हजारांचा असेल तर राइट ऑफ करून मोकळं व्हावं, असं मालक म्हणतात. आणि पार्टीने उत्तरच दिलं नाही तर?

उत्तर: कस्टमरला पाठवताना आकडा लिहा. व्हेंडरला पाठवताना जागा रिकामी सोडा आणि त्याच्याकडून वर्षभराच्या लेजरची प्रत मागा. फरक मात्र लगेच राइट ऑफ करू नका. का ते माझ्याच एका खात्यावरून सांगतो.

मी आधी मडगावात एका सीएकडे ऑडिटला जायचो, आता वेर्ण्याला एका कारखान्याचे हिशेब बघतो. बेळगावचा एक व्हेंडर आम्हाला कास्टिंग देतो, शिवाय काही पार्टांचं मशीनिंगही करून देतो. ३१ मार्चला आमच्या पुस्तकात त्याचं देणं होतं ४,१२,९५० रुपये. त्याच्याकडून उत्तर आलं ४,१८,२१० रुपये. फरक फक्त ५,२६० रुपयांचा. आमचे साहेबही तुमच्या मालकांसारखंच म्हणाले, "सोड रे, एवढ्यासाठी काय बसायचं?"

पण लेजर हातात होतं म्हणून एप्रिलपासून दोन्ही खाती समोरासमोर टिक करत गेलो. शेवटी चार नोंदी बिनटिकच्या उरल्या.

पहिली, ३१ मार्चचं ५९,००० चं बिल. माल त्या दिवशी संध्याकाळी बेळगावात ट्रकमध्ये चढला आणि चोर्ला घाट उतरून १ एप्रिलला सकाळी आमच्या गेटवर आला. स्टोअरने आवक १ एप्रिलला धरली, त्यामुळे आम्ही बिल नव्या वर्षात घेतलं. दुसरी, टीडीएस. मशीनिंगच्या ३ लाखांवर आम्ही २ टक्क्यांनी ६,००० कापले होते, त्याने ते खात्यात घेतलेच नव्हते. यात त्याची फारशी चूक नाही, कारण शेवटच्या तिमाहीचं रिटर्न ३१ मेपर्यंत भरलं जातं आणि तोवर त्याच्या २६एएसमध्ये काही दिसत नाही. तिसरी, रिजेक्ट मालाची आमची ८,२६० ची डेबिट नोट, जी त्याच्या सेल्सवाल्याच्या टेबलावर पडून होती.

या तिन्हींमुळे त्याचा आकडा आमच्यापेक्षा ७३,२६० ने जास्त यायला हवा होता. मग फरक पाच हजारांचाच कसा? चौथ्या नोंदीमुळे. आमच्याशी मिळत्याजुळत्या नावाची आणखी एक कंपनी त्याची गिऱ्हाईक आहे. तिचे एनईएफटीने आलेले ६८,००० त्याने आमच्या खात्यात जमा केले होते. बँकेच्या नॅरेशनमध्ये नाव अर्धवट येतं, आणि अर्धवट नावं आमची दोघांची सारखीच.

आता खरं देणं किती ते बघा. आमच्या ऑर्डरप्रमाणे माल त्याच्या गेटवर ट्रान्सपोर्टला दिला की आमचा होतो, म्हणून ३१ मार्चचं बिल आम्हीच त्या वर्षात घ्यायला हवं होतं (माल वाटेत म्हणून स्टॉकमध्येही). ४,१२,९५० अधिक ५९,००० म्हणजे ४,७१,९५०. त्याच्या बाजूने ४,१८,२१० मध्ये दुसऱ्याचे ६८,००० परत मिळवा, टीडीएस आणि डेबिट नोट वजा करा, की तेही ४,७१,९५०. म्हणजे दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते आणि दोघेही पन्नास हजारांहून जास्त चुकलेले होते. पोच बेळगावलाच ठरलेली नसती, माल आमच्या गेटवर द्यायचा असता, तर आमची १ एप्रिलची नोंद बरोबर ठरली असती. म्हणून असा फरक आला की आधी पर्चेस ऑर्डर उघडा.

जागा रिकामी का, तेही यावरून कळेल. व्हेंडरच्या खात्यात भीती असते ती देणं कमी दाखवल्याची. तुम्ही आकडा छापून पाठवलात की समोरचा क्लार्क पुस्तक न उघडता शिक्का मारतो, त्यातही आकडा त्याच्या फायद्याचा असला तर जास्तच. रिकामी जागा भरायला त्याला लेजर उघडावंच लागतं. त्रास पडतो म्हणून उत्तरं कमी येतात, हे खरं. म्हणून अशी पत्रं निवडून पाठवतात, आणि निवड करताना मार्चअखेरची बाकी बघत नाहीत, वर्षभराची खरेदी बघतात. जिच्याकडून वर्षभर माल घेतला पण बाकी शून्य दिसते, ती पार्टी यादीत आधी हवी.

पत्र तुमच्या लेटरहेडवर, सही तुमच्याकडची, कारण व्हेंडर परक्या ऑडिटरला आपला हिशेब सांगणार नाही. पण पाठवायचं ऑडिटरने आणि उत्तरही थेट त्याच्याच पत्त्यावर यायला हवं. ऑडिटिंग स्टँडर्ड ५०५ ला तेच अपेक्षित आहे. उत्तरं तुम्हीच गोळा करून फाईल दिलीत तर पुराव्याचं वजन जातं. ऑडिटला असताना एका ठिकाणी मला सहा पार्ट्यांची कन्फर्मेशन मिळाली होती, सहाही सह्या एकाच जांभळ्या पेनाच्या. मजकूर साधा ठेवा: "३१ मार्च रोजी तुमच्या पुस्तकांप्रमाणे आमच्याकडून येणे असलेली रक्कम खाली भरून, लेजरच्या प्रतीसह, थेट आमच्या ऑडिटरकडे पाठवावी. ही पैशांची मागणी किंवा पेमेंटची सूचना नाही." शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर पार्टी दुसऱ्या दिवशी चेक विचारायला फोन करते.

"१५ दिवसांत उत्तर न आल्यास रक्कम मान्य समजू" ही ओळ सगळे घालतात. तिचा ऑडिटरला उपयोग जवळजवळ नाही. लहान लहान, एकसारख्या, चुकण्याची शक्यता कमी असलेल्या भरपूर खात्यांसाठी तसली पद्धत चालते, मोठ्या व्हेंडरसाठी नाही. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र, एक फोन, आणि मग इतर पुरावे. कस्टमर असेल तर एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट, म्हणजे तीच बाकी नंतर खरंच जमा झाली का. व्हेंडर असेल तर एप्रिलमध्ये दिलेली पेमेंट्स कुठल्या बिलांची होती, आणि मार्चचं जीएसटीआर-२बी. ते १४ एप्रिलला तयार होतं. व्हेंडरने वेळेत रिटर्न भरलं असेल तर ३१ मार्चचं बिल तिथे दिसतं. माझं ते ५९,००० चं बिलही दिसत होतं, मी फक्त बघितलं नव्हतं.

आणि उलट बाजूने, दुसऱ्या कुणाचं कन्फर्मेशन तुमच्याकडे सहीला आलं तर जरा थांबा. येणं वसूल करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची, पण ती संपायच्या आत तुम्ही देणं मान्य करून सही केलीत तर लिमिटेशन ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे मुदत सहीच्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे म्हणून इथे वेगळी मुदत, असं काही जुने लोक अजून सांगतात. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच इथेही लिमिटेशन ॲक्टच लागू असल्याचं सांगितलं. तेव्हा वादातलं जुनं बिल त्या बाकीत असेल तर सहीखाली तेवढ्या बिलाचा नंबर घालून "हे मान्य नाही" असं लिहा आणि मगच शिक्का मारा.