व्हीलचेअर आणि कांदा-लसूण नसलेलं जेवण: एजंटकडून नेमकं काय विचारून घ्यायचं

प्रश्न: आई-बाबा मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो जाणार आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला कांदा-लसूण चालत नाही. एजंट म्हणतो, 'सगळं टाकलंय.' तेवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर:

नाही. मी तिकिटांच्याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो: 'टाकलंय' म्हणजे विनंती पाठवली, एवढंच. तिकीट कन्फर्म असलं तरी जेवण आणि व्हीलचेअर या बुकिंगमधल्या वेगळ्या ओळी असतात. प्रत्येक प्रवाशाची आणि प्रत्येक टप्प्याची ओळ स्वतंत्र, आणि एअरलाइन तिला वेगळं उत्तर देते. पहिला टप्पा एका कंपनीचा आणि दुसरा तिच्या भागीदार कंपनीचा असेल, तर एजंटच्या स्क्रीनवर साधारण असं दिसतं:

```
SSR WCHR XX HK1/S3/P1
SSR WCHR YY HN1/S4/P1
SSR VJML XX HK1/S3/P2
SSR VJML YY UC1/S4/P2
```

SSR म्हणजे खास सोयीची विनंती: WCHR व्हीलचेअरची, VJML जैन जेवणाची. P1 बाबा, P2 आई. S3 मुंबई–फ्रँकफर्ट, S4 फ्रँकफर्ट–शिकागो. XX आणि YY च्या जागी कंपन्यांची दोन अक्षरं येतात. बघायचं ते HK: म्हणजे कन्फर्म. HN म्हणजे मागणी गेली आहे, उत्तर यायचंय. UC म्हणजे कंपनीने नकार दिला. वरच्या उदाहरणात बाबांची फ्रँकफर्टनंतरची व्हीलचेअर लटकलेली आहे आणि आईचं दुसऱ्या विमानातलं जेवण नाहीच. एजंट मात्र खोटं बोललेला नाही, त्याने चारही ओळी खरंच टाकल्यात! तेव्हा त्याच्याकडून या ओळींचा फोटो मागून घ्या.

मग तिकिटावर `Operated by` समोर कोणाचं नाव आहे ते बघा. विमान जी कंपनी उडवते, तीच जेवण चढवते. तिचा पीएनआर बहुतेक वेळा एजंटने दिलेल्या पीएनआरपेक्षा वेगळा असतो, तोही मागून घ्या. तो टाकून त्या कंपनीच्या वेबसाइटवर बुकिंग उघडा. तिथे विनंती दिसत नसेल, तर सरळ त्याच कंपनीला फोन लावा.

आता कोड कोणता पडलाय ते. नुसतं 'व्हेज सांगितलंय' यावर थांबू नका. AVML हे आपल्याकडच्या पद्धतीचं मसालेदार शाकाहारी जेवण, पण त्यात कांदा-लसूण असू शकतो. VLML पाश्चात्त्य धाटणीचं, त्यात अंडं चालतं. VGML व्हीगन, म्हणजे दहीही गेलं. तुमच्या आईसाठी VJML, जैन जेवण. त्यात बटाटाही नसतो, पण त्याला इलाज नाही. उपवासाचा कोड मात्र कुठेच नाही, त्या दिवशी चतुर्थी आली तर राजगिऱ्याचे लाडू सोबत द्या.

बाबांच्या बाबतीत एकच प्रश्न निर्णायक आहे: विमानाच्या पायऱ्या चढता-उतरता येतात का? येत असतील आणि फक्त लांब चालणं जमत नसेल तर WCHR. पायऱ्या जमत नसतील तर WCHS. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण विमान दूर उभं असलं की बसने जाऊन शिडी चढावी लागते. WCHS असेल तर वर उचलून नेणाऱ्या गाडीची सोय करायची हे कर्मचाऱ्यांना आधीच कळतं. 'असू दे, जास्तीचं' म्हणून WCHC मात्र टाकू नका. तो कोड अजिबात चालू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावर एअरलाइन डॉक्टरचे कागद मागू शकते. व्हीलचेअरच्या मदतीचे वेगळे पैसे नसतात, त्यामुळे एजंटने त्यासाठी काही लावलं असेल तर पावती मागा.

तपासणी कधी करायची? एकदा आत्ता. मग वेळ किंवा विमान बदलल्याचा मेल आला की पुन्हा, कारण प्रवासी नव्या फ्लाइटवर हलवला की या ओळी कधीकधी मागेच राहतात. सर्वात जास्त घोळ मी इथेच पाहिलेत. शेवटचं म्हणजे निघायच्या तीन दिवस आधी. बऱ्याच कंपन्या खास जेवणाची मागणी २४ तास आधीपर्यंतच घेतात, काही ४८, आणि भारतात व्हीलचेअर ४८ तास आधी सांगावी असं डीजीसीए म्हणतं.

विमानात खास जेवण सीट नंबरवर येतं. शेजारच्याशी जागा बदलली तर आईचं ताट जुन्या सीटवर जाईल. बदललीच तर क्रूला लगेच सांगायचं.

फ्रँकफर्टला बाबांनी गर्दीबरोबर उठू नये. व्हीलचेअरवाल्यांना सहसा शेवटी उतरवतात, म्हणून क्रूने सांगेपर्यंत सीटवरच बसायचं. पुढे कर्मचारी कधीकधी प्रतीक्षेच्या जागी बसवून निघून जातात. तेव्हा 'परत किती वाजता येणार आणि गेट कोणतं' हे बोर्डिंग पासवर त्यांच्याकडूनच लिहून घ्यायला आईला सांगा.