बागेतली मैत्री कथेत कशी घडवावी

‘मैत्री जमली’ असं सांगून मोकळे होऊ नका, ती कामातून जमू द्या. समजा, निवृत्त बाई रोज सकाळी टोमॅटोच्या वाफ्याला पाणी घालतात आणि दुसऱ्या एक बाई संध्याकाळी, एकमेकींना न सांगता. माती ओली असूनही रोपं माना टाकतात, खालची पानं पिवळी पडतात, कारण मुळांना हवाच मिळत नाही. दोघी आधी एकमेकींवर चिडतात. मग एक जण दोन पेरं बोट मातीत खुपसून ओल दाखवते, दुसरी पाळ्या लावते. ‘एकटेपणा’ हा शब्द लागतच नाही (पहिल्या खर्ड्यात तो हमखास येतो, खोडा). रोपं मात्र दुसऱ्याच दिवशी टवटवीत करू नका. वाफा सुकायला काही दिवस जातात, आणि दोघींच्या गप्पांना तेवढाच अवधी मिळतो.