१२ टक्के फ्लॅट की १८ टक्के घटत्या शिलकीवर?

प्रश्न: घराच्या दुरुस्तीसाठी 1 लाखाचे वैयक्तिक कर्ज 2 वर्षांकरिता घ्यायचे आहे. एक एजंट 12 टक्के फ्लॅट सांगतो, तर तालुक्याची बँक घटत्या शिलकीवर 18 टक्के सांगते. 12 टक्केच स्वस्त ना?

उत्तर:

नाही भाऊ, बँकेचे कर्ज स्वस्त आहे.

फ्लॅट पद्धतीत 1 लाखावर वर्षाला 12,000 याप्रमाणे 2 वर्षांचे 24,000 रुपये व्याज आधीच मुद्दलात मिळवतात आणि 1,24,000 ला 24 ने भागून 5,167 रुपयांचा हप्ता काढतात. म्हणजे दरमहा सुमारे 4,167 रुपये मुद्दल फिटते आणि 1,000 रुपये व्याज जाते. पण शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे मुद्दलापैकी 4,167 रुपयेच उरलेले असतात, तरीही व्याज पूर्ण लाखाचेच, 1,000 रुपये घेतले जाते. बँक मात्र दरमहा उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावते, त्यामुळे 18 टक्क्यांनी हप्ता 4,992 रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे 19,820 रुपये होते.

एजंटच्या कर्जाचा खरा दर मोबाइलवरच्या शीटमध्ये असा काढता येतो:

```
=RATE(24,-5167,100000)*12*100
```

उत्तर सुमारे 21.6 येते. त्याने 2 टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापला, तर हातात 97,640 रुपयेच पडतात; सूत्रात 100000 च्या जागी हा आकडा घातला की दर 24 च्या थोडा वर जातो. बँकेचे शुल्कही असेच वजा करून पाहावे, नाहीतर तुलना लंगडी राहील.

आपल्याकडे कापसाचा चुकारा हाती आला की कर्ज एकदाचे मोकळे करण्याकडे कल असतो, आणि माझ्या मते फ्लॅटचा खरा फटका तिथेच बसतो. 12 हप्त्यांनंतर बँकेकडे सुमारे 54,450 रुपये बाकी राहतात (मुदतपूर्व फेडीचे शुल्क असल्यास वेगळे). फ्लॅटवाला मात्र उरलेले 12 हप्ते पूर्ण मागू शकतो, म्हणजे 62,000. माझ्या पहिल्या कर्जात मला नेमके हेच ऐकावे लागले होते, कारण करारातील ते कलम मी वाचलेच नव्हते. म्हणून मध्येच फेडल्यास बाकी कशी काढणार, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांनी अशा नव्या कर्जाचे मुख्य तथ्य विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे असते. त्यात शुल्कासह वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन्हीकडचा तोच आकडा शेजारी ठेवून पाहावा. गावातील पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथे हप्ता, हातात पडणारी रक्कम आणि महिने विचारून वरचे सूत्र स्वतःच लावावे लागते.